मुंबईच्या अलीकडेच थांबायचं

पुस्तक प्रदर्शनात एखाद्या कोपऱ्यात उभं राहून लोकांचे हात बघत राहावं. कादंबऱ्यांच्या टेबलापाशी जवळपास प्रत्येक हात एकच हालचाल करतो. मुखपृष्ठ बघून पुस्तक उचललं जातं, लगेच उलटं केलं जातं, आणि डोळे मागच्या मजकुरावरून फिरतात. मग एकतर पुस्तक उघडून पहिलं पान वाचलं जातं, नाहीतर ते गुपचूप ढिगावर परत जातं. या सगळ्याला जेमतेम पाव मिनिट लागतं. लेखकाची तीन-चार वर्षं आणि प्रकाशकाचे पैसे त्या पाव मिनिटात टांगलेले असतात.

मागच्या त्या मजकुराला इंग्रजीत ‘ब्लर्ब’ म्हणतात. हा शब्द थट्टेतून जन्मला. 1907 साली अमेरिकी विनोदी लेखक जेलेट बर्जेस याने पुस्तकविक्रेत्यांच्या मेजवानीसाठी आपल्या पुस्तकाला एक खास वेष्टन चढवलं. त्यावर तोंडाशी हात नेऊन ओरडणाऱ्या एका बाईचं चित्र होतं, आणि तिला त्याने नाव दिलं ‘मिस बेलिंडा ब्लर्ब’. पुस्तकांच्या वेष्टनांवर जी आरडाओरड चालते तिची ती टिंगल होती. टिंगल विसरली गेली, शब्द राहिला. आपल्याकडे त्याच मजकुराला अनेक जण ‘पाठराखण’ म्हणतात. शब्द मोठा देखणा आहे, पण त्यात एक गोची आहे. पाठराखण म्हटली की कुणीतरी थोर माणूस लेखकाच्या पाठीशी उभा राहिला पाहिजे असं वाटतं, आणि मग मागचं पान प्रशस्तिपत्रक होऊन बसतं. वाचक मात्र पुस्तक उलटं करतो तेव्हा त्याला दोनच गोष्टी हव्या असतात. हे कशाबद्दल आहे? आणि हे माझ्यासाठी आहे का?

कादंबरीचा असा मजकूर दुरुस्त करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे एका उदाहरणावरच दाखवतो. उदाहरण सगळ्यांना ठाऊक असलेलं घेऊ: विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. 1939 साली आलेली ही छोटीशी कादंबरी आजही वाचली जाते. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांवर मागे काय छापलं गेलं, त्याच्याशी इथे आपल्याला कर्तव्य नाही. खालचा मसुदा मी स्वतःच लिहिला आहे. मराठी कादंबऱ्यांच्या पाठीवर जी भाषा नेहमी भेटते, त्याच भाषेत तो मुद्दाम लिहिला आहे. ज्यांनी ‘रणांगण’ वाचलेली नाही त्यांचा विचार करून शेवटाच्या जागी टिंबं ठेवली आहेत.

“मानवी मनाचे विविध कंगोरे हळुवारपणे उलगडून दाखवणारी ही कादंबरी म्हणजे मराठी साहित्यातील मैलाचा दगड होय. महायुद्धाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या युरोपची विदारक पार्श्वभूमी, ज्यूंचा छळ, प्रेम आणि द्वेष यांचे सनातन द्वंद्व यांचे लेखकाने समर्थ लेखणीने चित्रण केले आहे. प्रेमभंगामुळे स्त्रीद्वेष्टा बनलेला चक्रधर विध्वंस आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हॅर्टा बोटीवर भेटतात. त्यांच्यात प्रेम फुलते. पण मुंबई येते, आणि... मन सुन्न करणारा हा शेवट वाचकाला अंतर्मुख केल्याशिवाय राहत नाही. प्रत्येकाने संग्रही ठेवावी अशी कलाकृती.”

यात खोटं काहीच नाही. तरीही हा मजकूर तीन ठिकाणी मार खातो.

पहिलं ठिकाण ओळखायला एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे वाक्य उचलून दुसऱ्या कुठल्याही कादंबरीच्या पाठीवर चिकटवलं तर चालेल का? मनाचे कंगोरे उलगडणारी, मैलाचा दगड, समर्थ लेखणी, अंतर्मुख करणारी, संग्रही ठेवावी अशी. हे सगळं कोकणातल्या भाऊबंदकीच्या कादंबरीवर चालेल, गिरणी संपावरच्या कादंबरीवर चालेल, पानिपतावरच्या कादंबरीवरही चालेल. जे कुठेही चालतं ते वाचकाला काहीच सांगत नाही. प्रदर्शनातल्या वाचकाचे डोळे अशा शब्दांवरून थांबा न घेता पुढे जातात, कारण शेजारच्या दहा पुस्तकांवर त्याने तेच वाचलेलं असतं. ही वाक्यं काढली की आपला मसुदा जवळजवळ निम्मा होतो. उरतो तो ‘रणांगण’चाच, दुसऱ्या कशाचा नाही.

दुसरं ठिकाण म्हणजे विषयांची यादी. युद्ध, वंशद्वेष, प्रेम, द्वेष. विषय हे कादंबरी वाचून झाल्यावर बोलायचे असतात. चर्चासत्रात ते शोभतात. पुस्तक हातात घेतलेल्या माणसाला विषयाशी नातं जोडता येत नाही, माणसाशी येतं. ‘ज्यूंचा छळ’ हे दोन शब्द डोळ्यांखालून जातात. एक मुलगी बोटीच्या कठड्याला टेकून उभी आहे आणि तिला परत जायला देश उरलेला नाही, हे मात्र जात नाही.

तिसरं ठिकाण सगळ्यात महागात पडणारं, आणि ते फक्त टिंबांच्या जागी नाही. समजा, काय घडलं ते मी लिहिलंच नाही. तरी ‘मन सुन्न करणारा शेवट’ या चार शब्दांनी अर्धं काम केलंच. शेवट न सांगता त्याचा रंग सांगितला गेला. ‘करुण’, ‘हृदयद्रावक’, ‘अधुरी प्रेमकहाणी’, ‘आशेचा किरण दाखवणारी’ ही सगळी त्याच कुळातली विशेषणं. रहस्यकथांवर ‘अनपेक्षित कलाटणी’ असं छापतात, त्याचीही तीच गत. कलाटणी येणार हे कळल्यावर वाचक पहिल्या पानापासून तिच्या पाळतीवर बसतो. प्रत्येक पात्राकडे संशयाने बघतो, आणि लेखकाने जी गोष्ट अलगद दडवली होती ती साठाव्या पानावर त्याला सापडते. कथानक फुटतं ते घटनेने फुटतं अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा ते विशेषणाने फुटतं.

आता एक प्रश्न उरतो. शेवट सांगू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं, तरी जाणती माणसं तो का सांगून टाकतात? कारण त्यांनी पुस्तक पुरं वाचलेलं असतं. कादंबरीचा अर्थ शेवटाकडून मागे बघताना लागतो, आणि समीक्षकाला अर्थच सांगायचा असतो. लेखकाचं तर विचारूच नका. त्याने शेवटाकडे डोळा ठेवूनच सगळं रचलेलं असतं, त्यामुळे शेवट गाळून आपल्या पुस्तकाबद्दल बोलणं म्हणजे मुलाचं नाव न घेता त्याचं कौतुक करण्यासारखं त्याला वाटतं. प्रदर्शनातला वाचक मात्र दुसऱ्या टोकाला उभा असतो. त्याच्यासाठी अजून काहीच घडलेलं नाही.

यावर मी वापरतो तो उपाय अगदी साधा आहे. हस्तलिखित पहिल्यांदा वाचताना हाताशी पेन्सिल ठेवायची. पुस्तकाचा साधारण चौथा हिस्सा वाचून झाला की थांबायचं आणि कागदावर एवढंच लिहायचं: आता मला काय जाणून घ्यायचं आहे? तो प्रश्न जपून ठेवायचा. पुढचे तीन हिस्से वाचल्यावर तुम्ही शहाणे होता, आणि शहाणपण या कामाला उपयोगी नसतं. चौथ्या हिस्स्यापाशी तुम्ही जिथे होता, तिथेच तुमचा वाचक पुस्तक हातात घेऊन उभा असणार आहे.

मसुदा तयार झाला की याच उपायाची उलटतपासणी करता येते. मागच्या मजकुरातल्या प्रत्येक वाक्यासमोर समासात पानाचा आकडा लिहायचा, म्हणजे ती गोष्ट कादंबरीत कितव्या पानावर कळते तो. दोनशे चाळीस पानांची कादंबरी असेल आणि समासात 8, 15, 31, 52 असे आकडे आले तर ठीक आहे. मध्येच 170 दिसला तर ते वाक्य वाचकाच्या खिशातून काढून घेतलेलं आहे असं समजायचं. कधी कधी पहिल्याच वाक्यात असं घडतं. ‘आईच्या मृत्यूनंतर गावी परतलेल्या’ असं आपण सहज लिहून जातो, आणि आई मरते ती एकशे दहाव्या पानावर. तोवरच्या प्रत्येक पानावर वाचक त्या मरणाची वाट बघत बसतो, आणि आई दारात हसत उभी असली तरी तो तिच्याकडे आजारी माणूस म्हणूनच बघतो.

आता ‘रणांगण’कडे परत येऊ. चाळून उरलेलं साहित्य असं आहे: युरोपातून निघालेली एक बोट. महायुद्धाच्या आधीचा काळ. जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू. चक्रधर. हॅर्टा. मुंबई.

यातला सगळ्यात वजनदार शब्द कोणता? माझ्या मते ‘मुंबई’. कारण एकच बंदर दोघांसाठी दोन वेगळ्या गोष्टी आहे. चक्रधरसाठी मुंबई म्हणजे घर, प्रवासाचा शेवट. हॅर्टासाठी ती वाटेतली एक जागा, तिची बोट तिथून पुढे पूर्वेकडे जाणार. त्यामुळे दोघांमधला प्रत्येक दिवस आपोआप मोजला जाऊ लागतो. कादंबरीत ताण कुठून येतो हे शोधायचं असेल तर बहुधा अशी एखादी जागा, तारीख किंवा वस्तू सापडते, जिच्यापुढे गोष्ट आहे तशी राहू शकत नाही. लग्नाचा मुहूर्त, कोर्टाची तारीख, धरणाचं पाणी गावात शिरण्याआधीचा शेवटचा पावसाळा. ती सापडली की मजकुराला कणा मिळतो. मग फार काही रचावं लागत नाही. त्या जागेच्या अलीकडे थांबायचं, बस. ‘रणांगण’च्या बाबतीत मुंबईच्या अलीकडे.

दुसरा मसुदा असा होतो:

“महायुद्ध अजून सुरू झालेलं नाही. युरोपातून एक बोट पूर्वेकडे निघाली आहे. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू आहेत, आणि मायदेशी परतणारे काही हिंदी प्रवासी.

चक्रधर विध्वंस त्यांपैकी एक. एकदा प्रेमात पोळल्यावर बायकांपासून लांब राहायचं असं त्याने ठरवून टाकलं आहे. हॅर्टा जर्मन आहे आणि ज्यू आहे, म्हणून आता ती कुठलीच नाही.

चक्रधर मुंबईला उतरणार आहे. हॅर्टाची वाट मुंबईच्या पुढे जाते.

किनारा दिसेपर्यंतचे दिवस तेवढे दोघांचे आहेत.”

साठ-सत्तर शब्द झाले. आपल्याकडची कादंबरी बहुधा डेमी आकारात निघते, म्हणजे मागचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. त्यात खाली बारकोड, किंमत, प्रकाशनाचं बोधचिन्ह, कधी लेखकाचा फोटो आणि चार ओळींचा परिचय. सुखाने वाचता येईल अशा टायपात तिथे सव्वाशे ते दीडशे शब्द मावतात, आणि मावतात म्हणून ते भरलेच पाहिजेत असं नाही. ऑनलाइन दुकानात तर पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचा मजकूर बोट लावल्याशिवाय उघडत नाही. पहिल्या मसुद्याच्या पहिल्या दोन ओळींत मनाचे कंगोरे होते. दुसऱ्याच्या पहिल्या दोन ओळींत बोट सुटलेली आहे.

या मसुद्यातून जाणूनबुजून वगळलेल्या एका शब्दाबद्दल बोललं पाहिजे. ‘प्रेम फुलते’ हे काढलं. ते रहस्य होतं म्हणून नाही. बोटीवर एक तरुण आणि एक तरुणी यांची नावं शेजारी शेजारी ठेवली की पुढचं कुणालाही कळतं. पण न सांगता कळलेली गोष्ट वाचकाची स्वतःची होते. त्याने ती ओळखली म्हणून तो पुढे जातो. आपण ती उच्चारली की तो फक्त ऐकून घेतो. नावंही दोनच ठेवली. कादंबरीत इतर माणसं आहेत, लक्षात राहणारी आहेत. पण पाव मिनिटात तिसरं नाव आलं की पहिलं निसटतं. तिसऱ्या माणसाची गरज पडलीच तर त्याला नात्याने हाक मारावी: तिची आई, याचा मित्र, घरमालक.

इतका वेळ आपण काय लपवायचं ते पाहिलं. पण हा मजकूर बदलण्याचं खरं कारण दुसरं आहे. योग्य वाचकाला बोलावणं आणि चुकीच्या वाचकाला नम्रपणे वाट दाखवणं, ही दोन्ही कामं याच ओळींना करायची असतात.

‘रणांगण’ हे नावच बघा. नुसतं नाव वाचलं तर खंदक, तोफा आणि जखमी सैनिक डोळ्यांपुढे येतात. युद्धकथा आवडणारा वाचक या नावाकडे हात पुढे करील, आणि विसाव्या पानापर्यंत एकही गोळी सुटली नाही म्हणून वैतागेल. कादंबरीत दोष काहीच नाही. त्याला चुकीचं आमंत्रण गेलं. म्हणून दुसऱ्या मसुद्याचं पहिलंच वाक्य ‘महायुद्ध अजून सुरू झालेलं नाही’ असं आहे. ते काळ सांगतं आणि लढाई शोधणाऱ्याला सावधही करतं. दुसऱ्या बाजूला हलकीफुलकी प्रेमकथा शोधणारा वाचक आहे. पहिल्या मसुद्यातल्या ‘प्रेम फुलते’ने तो नक्की आला असता आणि पुस्तकाने त्याला जे दिलं ते पाहून गांगरला असता. ‘आता ती कुठलीच नाही’ या शब्दांत एक थंडपणा आहे. तो ज्याला टोचतो पण हात मागे घेऊ देत नाही, तोच या पुस्तकाचा वाचक.

चुकीच्या वाचकाला पुस्तक विकलं गेलं तर बिघडलं कुठे, असं विक्री बघणारे लोक विचारतात. बिघडतं ते नंतर. मराठी कादंबरी अजूनही बरीचशी तोंडोतोंडी जाते, ग्रंथालयात, मैत्रिणींच्या गटात, ऑफिसातल्या डब्याच्या वेळी. फसवणूक झालेला वाचक ‘हे पुस्तक माझ्यासाठी नव्हतं’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘काही दम नाही त्यात.’ आणि ज्याच्यासाठी ते होतं त्याच्यापर्यंत हे वाक्य आधी पोचतं.

काळ बदलला की योग्य वाचकही बदलतो, आणि जुन्या कादंबरीचा मजकूर नव्याने लिहावा लागतो तो म्हणूनच. 1939 सालच्या वाचकाला बोटीवर ज्यू का आहेत हे समजावून सांगायची गरज नव्हती, तो रोजच्या वर्तमानपत्रात तेच वाचत होता. आज विशीतल्या मुलीच्या हातात पुस्तक असेल तर ‘हिटलरच्या जर्मनीतून’ हे शब्द लागतात. पण एवढेच शब्द. पुढे इतिहासाचा परिच्छेद जोडला की मागचं पान क्रमिक पुस्तकाचं होतं.

ही रीत सगळ्या कादंबऱ्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. रणजित देसाईंची ‘स्वामी’ घ्या. माधवराव पेशवे थेऊरला अकाली गेले आणि रमाबाई सती गेल्या, हे मराठी वाचकाला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतं. तिथे शेवट दडवायचा आव आणला तर हसं होईल. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्येही कर्ण कुरुक्षेत्रावर पडणार हे कुणापासून लपवणार? अशा वेळी ‘पुढे काय होतं’ हा प्रश्न सोडून द्यावा लागतो आणि दुसरा शोधावा लागतो. ‘मृत्युंजय’ची गोष्ट स्वतः कर्ण सांगतो, तशीच कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्णही सांगतात. कर्णाबद्दल त्याची आई काय म्हणेल? त्याची बायको काय म्हणेल? गोष्ट माहीत असलेल्या वाचकालाही हे माहीत नसतं. मजकुराचा आकडा तिथे अडकवायचा.

तिसऱ्या जातीच्या कादंबऱ्यांत घटनेला फारसं महत्त्वच नसतं. ‘कोसला’मधला पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याला शिकायला येतो, एवढं सांगून कुणाच्या मनात काही हलणार नाही. ती कादंबरी उभी आहे तिच्या बोलण्याच्या ढंगावर. अशा पुस्तकाच्या मागे आतलाच एखादा परिच्छेद छापणं सगळ्यात प्रामाणिक. पण तो निवडतानाही घोटाळा होतो. संपादक हटकून सगळ्यात सुंदर परिच्छेद निवडतात, आणि सुंदर परिच्छेद बहुधा उत्तरार्धातला असतो, जिथे सगळं साठत आलेलं असतं. समासात पानाचा आकडा लिहायचा नियम इथेही पाळावा. पहिल्या तीस-चाळीस पानांतला, संदर्भाशिवाय उभा राहणारा, आणि त्या कादंबरीचा नेहमीचा आवाज असलेला तुकडा निवडावा. सणासुदीच्या आवाजातला नको.

थोरामोठ्यांच्या अभिप्रायाचं काय करायचं? तो मिळत असेल तर जरूर घ्यावा, पण एक-दोन वाक्यांत, मजकुराच्या खाली. आणि मागताना ‘चार शब्द लिहा’ असं मोघम मागू नये. ‘हे पुस्तक कुणाला आवडेल असं तुम्हाला वाटतं?’ असं विचारावं. गौरव मागितला की विशेषणं येतात. हा प्रश्न विचारला की पुस्तकाबद्दल काहीतरी नेमकं येतं.

आता एका शंकेला उत्तर दिलं पाहिजे. कथानक फुटल्याने वाचनाचा आनंद कमी होतो, हे मुळात खरं आहे का? 2011 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या लेविट आणि ख्रिस्टेनफेल्ड या दोघा मानसशास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली. बारा लघुकथा निवडल्या, काही वाचकांना आधी शेवट सांगून टाकला, काहींना सांगितला नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा उलट थोड्या जास्तच आवडल्या. नंतर दुसऱ्या संशोधकांच्या अभ्यासांत याच्या विरुद्धही निष्कर्ष निघाले, तेव्हा वाद मिटलेला नाही. पण तो कुठल्याही बाजूने मिटला तरी आपल्या कामाला फारसा फरक पडत नाही. त्या वाचकांच्या हातात कथा आधीच ठेवलेली होती, त्यांना ती वाचायचीच होती. आपला वाचक अजून ठरवतो आहे. शेवट समजल्यावर वाचनाचा आनंद कदाचित टिकेलही. पान उलटण्याचं कारण मात्र टिकत नाही, आणि मागचं पान त्या कारणावरच जगतं.

शेवटी तपासणी. मजकूर छापायला जाण्याआधी तो पुस्तक न वाचलेल्या तिघा-चौघांना वाचायला द्यावा. लेखकाच्या घरचे नकोत, साहित्यिक मित्रही नकोत. ‘कसा वाटला?’ असं विचारू नये, कारण सगळे ‘छान’ म्हणतात आणि तिथेच बोलणं संपतं. कागद परत घ्यावा आणि दोन गोष्टी विचाराव्यात. हे पुस्तक तू कुणाला भेट देशील? आणि पुढे काय होईल असं तुला वाटतं?

पहिल्या प्रश्नाला ‘कुणालाही’ असं उत्तर आलं तर मजकुराने कुणालाच बोलावलेलं नाही. ‘माझ्या मामाला, त्याला जुन्या प्रवासांच्या गोष्टी आवडतात’ असं आलं तर चेहरा दिसू लागला, तो आपल्याला हवा असलेलाच आहे का ते तपासायचं. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं जास्त बोलकी असतात. सगळ्यांनी एकच आणि बरोबर उत्तर दिलं तर कुठेतरी फुटलेलं आहे, विशेषणं पुन्हा चाळायची. कुणालाच काही सुचलं नाही तर प्रश्नच तयार झालेला नाही, आपण नुसतं धुकं विकतो आहोत. तिघांनी तीन वेगळी उत्तरं दिली आणि आपापल्या उत्तरावरून ते एकमेकांत वाद घालू लागले, की हात आवरता घ्यावा.

‘रणांगण’चा दुसरा मसुदा ती कादंबरी न वाचलेल्या कुणाला दाखवाल तर ऐका. एक म्हणेल, तो मुंबईला उतरणारच नाही. दुसरी म्हणेल, तीच उतरेल. तिसरा म्हणेल, छे, बोटच पोचणार नाही. यातलं कोण बरोबर, की कुणीच नाही, ते सांगायचं काम मागच्या पानाचं नाही. त्यासाठी बेडेकरांनी आतली पानं लिहिली आहेत.